आधी पेज, मग गोळी

पोलादपूरकडच्या एका वाडीवर सून सासऱ्यांना रात्री झोपेची गोळी देई आणि ते पेंगू लागल्यावर नाचणीची पेज भरवी. "उपाशी कसं झोपू द्यायचं?" ती म्हणाली. माया खरी, पण क्रम उलटा.

गोळीने गिळणे मंदावते, ठसकाही. मग पेज श्वासनलिकेत उतरते आणि ठसका न लागल्याने कुणाला कळतही नाही. पातळ पदार्थ तर झटकन निसटतो. सासऱ्यांचा आवाज जेवणानंतर घशात पाणी खुळखुळावे तसा येई. दोन दिवसांनी ताप आणि धाप लागली. न्यूमोनिया निघाला.

घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून क्रम बदलला. पूर्ण जागे असताना भिंतीला टेकवून ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा द्यायचा. गिळल्याची खात्री झाली की पुढचा. नंतर अर्धा तास बसवायचे, मग गोळी. आधीच पेंगत असतील तर पेज नाही, पाणी नाही, गोळीही नाही. आणि चुकलेल्या गोळीसाठी पुढे दुप्पट द्यायची नाही. हलवूनही जागे होत नसतील, तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.