म्हण, वाक्प्रचार, सुविचार: नागझिऱ्यावर लिहिणाऱ्या भाचीसाठी

तुझ्याकडे तीन कामं एकदम आली आहेत. चोरखमारा दाराजवळच्या फलकाचा मजकूर, जिल्ह्याच्या दैनिकासाठी एक बातमी आणि दिवाळी अंकासाठी नागझिऱ्यावर ललित लेख. तिन्ही खर्डे मी वाचले. भाषा तुझ्या हाताशी आहे, त्याची काळजी नाही. पण फलकावर म्हण आली आहे, बातमीत सुविचार आला आहे आणि ललित लेखात दोन्हींची गर्दी झाली आहे. माझ्या गुरुजींनी आम्हाला जो कानमंत्र दिला होता, तोच तुला देतो.

गुरुजींचा पहिला शब्द होता, "मोडून बघ." कुठलाही तयार शब्दसमूह हाती आला की त्याचा काळ बदलायचा, पुरुष बदलायचा, त्याला नकार लावायचा. 'कानोसा घेणे' घे. रखवालदारानं कानोसा घेतला, मी कानोसा घेईन, तू कानोसा न घेताच पुढे गेलीस. कितीही वाकवलं तरी अर्थ शाबूत राहतो. हा वाक्प्रचार. तो पूर्ण वाक्य नसतो, म्हणून तुझ्या वाक्यात क्रियापदाच्या जागी निमूट बसतो. कोशात त्याच्या शेवटी 'णे' असतं ते यासाठीच.

आता 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' मोडून बघ. 'त्यानं पोळी खाल्ली आणि टाळी वाजवली' असं केलंस की उरतं ते निव्वळ जेवण. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' यात तर क्रियापदच नाही, काळ लावणार कशाला? ही म्हण. तिचे शब्द, त्यांचा क्रम आणि बहुतेकदा यमक ठरलेलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडात जाताना जे टिकलं तेवढंच तिच्यात राहिलेलं असतं. तिचा कर्ता कोण ते सांगता येत नाही, आणि तिच्यात बदल करायचा अधिकार कुणाला नाही.

दुसरा शब्द होता, "एकटी उभी करून बघ." शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी आपण जे लिहायचो ते सुविचार. 'वेळेचा सदुपयोग करा' हे वाक्य कोऱ्या फळ्यावर एकटं उभं राहतं, कुणालाही, कधीही लागू पडतं, आणि काय करावं ते सरळ सांगतं. त्याच फळ्यावर 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास' लिहून बघ. मुलं विचारतील, कुणाबद्दल? काय झालं? म्हणीला प्रसंग लागतो. समोर काही घडलेलं असतं, त्यावर ती निवाडा देते. प्रसंग नसेल तर ती अधांतरी लोंबकळते.

याच कारणामुळे म्हणी एकमेकींच्या विरुद्ध असू शकतात आणि तरी दोन्ही खऱ्या असतात. शितावरून भाताची परीक्षा होते असं आपण म्हणतो, आणि दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं असंही म्हणतो. पहिली एका प्रसंगाला, दुसरी दुसऱ्या. म्हणून वैचारिक लेखात म्हण पुरावा म्हणून कधी देऊ नकोस. तुझ्या म्हणीला उलटी म्हण वाचकाच्या खिशात असतेच. तिथे आकडा दे, नोंद दे, कारण दे. मुद्दा सिद्ध झाल्यावर त्यावर शिक्का म्हणून म्हण चालेल.

सीमारेषा नेहमी स्वच्छ नसते, हेही लक्षात ठेव. 'थेंबे थेंबे तळे साचे' बचतीच्या फलकावर असेल तर सुविचाराचं काम करतं. कुणी वर्षानुवर्षं मोहफुलं वेचून लेकीला शिकवलं आणि शेजारीण ते पाहून हेच बोलली, तर ती म्हण. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण, पण 'त्याची द्राक्षं आंबट झाली' असं लिहिलंस की ती वाक्प्रचारासारखी वागू लागते. कोशकारांनीही या दोघांना एकत्र ठेवलं आहे. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' घे, पहिला भाग 1942 चा. त्यात वाक्प्रचार आणि म्हणी शेजारी शेजारी आहेत. मॅन्वेरिंग या मिशनऱ्यानं 1899 मध्ये मराठी म्हणींचा मोठा संग्रह इंग्रजी अर्थांसह छापला, तोही चाळ. म्हणजे नाव काय द्यायचं यावर वाद घालत बसू नकोस. या जागी ते शब्द कोणतं काम करत आहेत, एवढंच विचार.

आता तुझी बातमी. तू 'जय' वाघावर मागोवा लिहिला आहेस. नागझिऱ्यात वाढलेला हा वाघ 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती आणि एप्रिल 2016 नंतर तो दिसला नाही. तुझं वाक्य आहे, 'जयने नागझिऱ्यातून पोबारा केला.' पोबारा करतो तो चोर किंवा कर्जबुडवा. या एका वाक्प्रचारानं तू वाघाच्या पदरी गुन्हा बांधलास, आणि तरुण नर नवा मुलूख शोधायला बाहेर पडतो हे साधं कारण झाकलं. पुढे लिहिलंस, 'त्याने सर्वांच्या हातावर तुरी दिल्या.' पुन्हा तेच, जणू तो वनरक्षकांना फसवून निसटला. बातमीत वाक्प्रचार चालतो, पण ज्याच्यात हेतू दडलेला नाही असाच. 'माग काढला, पण थांगपत्ता लागला नाही' हे लिही. त्यात शोधणाऱ्यांचं काम दिसतं आणि वाघावर आरोप येत नाही.

बातमीच्या शेवटी तू 'निसर्ग वाचवा, जीवन वाचवा' टाकलं आहेस. ते काढ. वाचकानं बातमी वाचून काय करावं हे बातमीदारानं सांगायचं नसतं. आणि खरं तर हे सुविचारही नाही, घोषवाक्य आहे. त्याची जागा मिरवणुकीत. म्हणही बातमीत नको, कारण म्हण निवाडा देते. हाच विषय घेऊन तू अग्रलेख लिहिलास, शोध लागला नाही त्याबद्दल व्यवस्थेला जाब विचारलास, तर 'तेलही गेले, तूपही गेले, हाती आले धुपाटणे' तिथे शोभेल. अग्रलेखाला मत लागतं, आणि म्हण म्हणजे लोकांनी आधीच घडवून ठेवलेलं मत.

याहून कडक शिस्त पंचनाम्याची. पिटेझरी-मंगेझरीकडे कुणाची गाय मारली गेली की वनरक्षक पंचनामा लिहितो आणि त्यावर नुकसानभरपाई ठरते. तिथे 'वाघाने गाईचा फडशा पाडला' असं लिहिलं तर फडशा म्हणजे किती? सगळी गाय खाल्ली? मग जनावर ओळखलं कशावरून? तिथे मानेवर सुळ्यांच्या खुणा, फरफटत नेल्याचा माग, मागचा भाग खाल्लेला, पंजाचा ठसा आणि त्याचं माप, एवढंच हवं. पंचनाम्यात, अर्जात, अहवालात म्हण, वाक्प्रचार, सुविचार या तिघांपैकी कुणालाच बोलावू नकोस.

आता ललित लेख. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण जंगलावर लिहिणाऱ्याला जी अडचण येते ती इतरांना येत नाही. मराठीतले कितीतरी वाक्प्रचार जनावरांच्या अंगावरून आले आहेत. कान टवकारणे, शेपूट घालणे, दबा धरणे, माग काढणे. घरातल्या गोष्टीत हे लाक्षणिक असतात. नागझिऱ्याच्या तलावाकाठी ते परत खरे होतात. चितळ खरंच कान टवकारतं, रानकुत्रं खरंच शेपूट पायांत घेतं. त्यामुळे तू 'गाईडनं कान टवकारले' आणि पुढच्याच ओळीत 'चितळानं कान टवकारले' लिहिलंस, तेव्हा पहिलं वाक्य फिकं पडलं. माणसासाठी तिथे 'कानोसा घेतला' घे, कान टवकारणं चितळाला राहू दे.

उलट बाजूनं तर घोळ आणखी होतो. 'सांबर पाण्यात पाहत होतं' असं तू लिहिलंस. मराठी वाचकाच्या कानाला 'पाण्यात पाहणे' म्हणजे द्वेष करणे. 'उन्हाळ्यात पाणवठे आटले आणि जनावरांच्या तोंडचं पाणी पळालं' हेही तसंच. पाण्याजवळ पाण्याचा वाक्प्रचार आला की दोन्ही अर्थ एकमेकांना धक्के मारतात. मी ती जागा अशी बदलून पाहिली, बघ पटतं का: 'पाणवठा आटला होता. सांबर चिखलात दोन पावलं आत गेलं, तोंड खाली नेलं, आणि तसंच मागे फिरलं.' यात एकही वाक्प्रचार नाही. जनावराच्या हालचालीला साधं क्रियापद पुरतं. वाक्प्रचार राखून ठेव तो पाहणाऱ्या माणसासाठी: मचाणावर बसलेल्या आपल्या काळजात चर्र झालं, तिथे.

म्हण ललित लेखात आण, पण ती तुझ्या तोंडी नको, माणसाच्या तोंडी दे. तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या एखाद्या बाईला विचारलंस, जंगलात जायचं तर जनावराची भीती आणि न जावं तर चूल पेटत नाही, मग कसं? ती म्हणेल, 'वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो.' इथे म्हण झकास बसते, कारण प्रसंग तिचा आहे आणि निवाडाही तिचा. पण हीच म्हण तू निवेदनात वापरलीस तर वाचक खरा वाघ शोधू लागेल. तिच्या तोंडची म्हण तिच्या उच्चारानं लिही. झाडीबोलीत पाण्याचं 'पानी' होतं, ते 'पाणी' करून देऊ नकोस. यमक तुटेल असा शब्द मात्र बदलू नकोस.

लेखात सुविचार नकोच. ललित लेखातला सुविचार म्हणजे लेखकानं वाचकाला बाकावर उभं करणं. तुला तसं काही सांगावंसं वाटलं, तर ते ज्या दृश्यावरून सुचलं ते दृश्य आणखी चार ओळी लिही.

राहिला फलक. तिथेच सुविचाराची खरी जागा, कारण फलक वाचणाऱ्याला प्रसंग माहीत नसतो, तो जिप्सीत बसलेला असतो आणि त्याच्याजवळ काही क्षण असतात. तू तिथे 'अति तेथे माती' लिहिलं आहेस. पर्यटक विचारेल, कशाची अति? 'जंगलात शांतता पाळा' हे एकटं उभं राहतं. तुकोबांच्या झाडांवरच्या अभंगाची ओळ वनखात्याच्या पुष्कळ फलकांवर आहेच. आणखी एक नको. वचन ज्याचं असेल त्याचं नाव खाली हवं, एवढं मात्र सांभाळ.

लेख पुन्हा लिहायला बसण्याआधी माडगूळकरांचं 'नागझिरा' आणि चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' पेन्सिल घेऊन वाच. वाक्प्रचाराखाली एक रेघ मार, म्हणीखाली दोन. मग तुझ्या खर्ड्यालाही तशाच रेघा मार आणि दोन्ही शेजारी ठेव. फलकाचा मजकूर आधी पाठव. तो लोखंडी पत्र्यावर रंगवला जाणार आहे, आणि एकदा रंगला की बरीच वर्षं तसाच राहतो.