तवंग फिका, पाणी लाल

तांबडा रस्सा जहाल झाला म्हणून त्या दिवशी मला सगळ्यांनी ऐकवलं, पण तिखट आणलं कुठून हे एकानेही विचारलं नाही. 'कोल्हापूरकडच्या बायकांचा हात सैलच असतो' असा शेरा मारून पाहुणे ताकाकडे वळले. सासऱ्यांना ठसका लागला तो थांबेना. ज्या चमच्याने मी एरवी तिखट घालते त्याच चमच्याने, तितकंच घातलं होतं. चमचा बदलला नव्हता आणि हातही बदलला नव्हता. बदललं होतं ते तिखट.

माहेर गडहिंग्लजचं, त्यामुळे वर्षाचं तिखट तिकडूनच येतं. या वेळी ते पाहुणे यायच्या आधीच संपलं. बेंगळुरूत आमच्या भागातल्या एका मोठ्या, गजबजलेल्या दुकानात पिंपात उघडी ठेवलेली पूड होती आणि वर पाटी होती, 'अस्सल ब्याडगी'. ब्याडगी म्हणजे रंग भरपूर आणि जाळ कमी. त्या हिशेबाने मी रश्श्याला नेहमीइतकं घातलं, आणि रंगही असा आला की वाढताना मलाच कौतुक वाटलं.

खरा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. उरलेला रस्सा फ्रीजमधून काढला, तर वर थिजलेली चरबी जवळजवळ पांढरट होती आणि खालचं पाणी लालभडक. मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. कोल्हापूरच्या कुणालाही हे उलटं आहे हे कळेल. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तर आपल्या रश्श्यावर तांबडा तवंग येतो आणि खालचा रस्सा त्या मानाने फिका असतो. इथे चरबीने रंग घेतलाच नव्हता आणि पाणी रंगलं होतं. म्हणजे पूड कुठल्या तरी स्वस्त, जाळ मिरचीची, आणि लाली पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची.

मग काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चिमूटभर पूड भुरभुरली, न ढवळता. लाल रेघा सरळ तळाकडे उतरत गेल्या. चांगलं तिखट असं करत नाही. ते बराच वेळ वर तरंगतं, हळूहळू बुडतं आणि पाणी फार तर गढूळ पिवळसर होतं. तळाशी गेलेला गाळ बोटांत चोळून खरखरला, तर विटेची भुकटी किंवा वाळूही असते. पण या पेल्यावर फार विसंबू नका. सुदान नावाचे जे रंग आहेत ते तेलात विरघळतात, पाण्यात गप्प बसतात आणि तवंगही झकास लाल करतात. तशी भेसळ प्रयोगशाळेतच कळते. पेला नापास करतो ते तिखट नक्की वाईट, पेला पास करतो ते चांगलंच असेल असं नाही.

पेला आणि पुडी घेऊन मी दुकानात गेले. मालक हसला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही मराठी लोक तिखट खाता म्हणून कडक दिलं." मी म्हटलं, मागितली ब्याडगी होती. तर पाटीकडे बोट दाखवून, "ब्याडगीच आहे की!" एकाच वेळी कडकही आणि ब्याडगीही! बिल बघितलं तर त्यावर नुसतं 'खारद पुडी', म्हणजे तिखट. जातीचा उल्लेखच नाही. पाण्यातल्या रेघा दाखवल्या तेव्हा 'मिरचीचा रंग सुटणारच' म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पैसे परत देण्याची गोष्ट तर दूरच. मला नंतर कळलं की दळलेला मसाला असा सुटा विकायलाच २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, तो बंद पाकिटातच विकायचा असतो. हे त्या वेळी ठाऊक असतं, तर मीही त्याला चार शब्द सुनावले असते.

ज्यांना घरून तिखट येत नाही त्यांच्यासाठी आता नीट सांगते. इथले जुने लोक म्हणतात, रंगाला ब्याडगी आणि खाराला गुंटूर. हे दोन वेगळे गुण आहेत आणि लाल दिसतं म्हणून तिखट असेल ही समजूत चुकीची आहे. मसाला मंडळाच्या माहितीत ब्याडगीचा रंगाचा आकडा १६० च्या आसपास आहे आणि तिखटपणा नगण्य. गुंटूरच्या सन्नमचा रंग ३२ च्या आसपास, पण तिखटपणा चांगलाच. म्हणजे रंग पाचपट हवा तर ब्याडगी आणि ठसका हवा तर सन्नम, आणि रोजच्या स्वयंपाकाला दोन्ही. तेजा नावाची बारीक मिरची सन्नमहूनही जहाल, ती घरी नुसती दळून ठेवू नये. पाकिटावर 'काश्मिरी' लिहिलेलं बहुतेक तिखट दक्षिणेतल्याच कमी तिखट, रंगदार मिरचीचं असतं. ते वाईट नसतं, फक्त नावाचे जादा पैसे देऊ नका.

ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने बाजारातलं नाव काही राखलं जात नाही. तिच्यासारखीच दिसणारी २०४३ सारखी संकरित वाणं 'ब्याडगी' म्हणूनच खपतात. रंगाला ती चांगली असतात, तेव्हा त्यांच्यावर माझा राग नाही. दर मात्र जुन्या ब्याडगीचा घेतला जातो, त्यावर आहे. अस्सल ब्याडगी ओळखायची ती सुरकुत्यांवरून. साल खोल चुण्यांची, रंग काळपट लाल, बी कमी. कड्डी लांब आणि सडपातळ असते, डब्बी आखूड आणि फुगीर. गुंटूर गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. आमच्याकडची संकेश्वरीही लांब, चुण्यांची, पण तिला ब्याडगीपेक्षा तिखटपणा आहे आणि वास निराळाच. जुनी जवारी संकेश्वरी हल्ली कमी मिळते आणि भावाला भलती महाग असते. म्हणून तिच्या नावाने काहीही गळ्यात मारतात.

११ मार्च २०२४ ला ब्याडगीच्या बाजारात भाव कोसळले म्हणून शेतकऱ्यांनी बाजार समितीत गाड्या जाळल्या. त्याच दिवशी बेंगळुरूत सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी जाहीर केली. खऱ्या लालीला गिऱ्हाईक नाही आणि खोट्या लालीला कायद्याने आवरावं लागतंय. त्या दुकानदाराने हे वाचलं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा घ्यायची ती अख्खी मिरची. यशवंतपूरच्या बाजारात किंवा ओळखीच्या वाण्याकडे, आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, नवा माल येतो तेव्हा. मूठभर घेऊन मुठीत दाबा. खुळखुळ वाजून साल कडकन तुटली तर कोरडी आहे. चामड्यासारखी वाकली तर ओली आहे. वजन वाढावं म्हणून कित्येकदा पाणी मारलेलं असतं, आणि पाणी मारलेल्या मिरचीच्या पोटात बुरशी वाढते. म्हणून दोन-तीन मिरच्या फोडून आत बघा. करडं किंवा काळं दिसलं, कुबट वास आला, तर पोतं कितीही स्वस्त असो, परत फिरा. त्या बुरशीचं विष परतून किंवा उकळून जात नाही. पांढरट पडलेल्या मिरच्या मिसळलेल्या असतील तर भाव पाडून मागा, त्यांना ना रंग ना खार. शीतगृहातला जुना माल तपकिरी झाक मारतो, तोही रंगाच्या भावाने घेऊ नका.

माझं प्रमाण सांगते. रोजच्या तिखटाला तीन भाग ब्याडगी आणि एक भाग गुंटूर. कांदा-लसूण मसाल्याला दोन भाग संकेश्वरी, एक भाग ब्याडगी. देठ काढायचेच, ते राहिले तर पूड फिकी होते आणि वजन उगाच वाढतं. बी थोडं काढलं तर रंग खुलतो. जाळ कमी करायचा असेल तर मात्र बी काढून भागत नाही, कारण तिखटपणा बियांत नसतो. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरांत तो असतो. दोन दिवस उन्हात वाळवा. बेंगळुरूचं मार्चचं ऊन यासाठी उत्तम आहे, जूननंतर नाद सोडा.

गिरणीवर जातीने उभ्या राहा. हे मी निक्षून सांगते, कारण 'ठेवून जा, संध्याकाळी न्या' म्हणणाऱ्याकडून परत येते ती आपलीच मिरची असेल याची खात्री कोण देणार? आधी वजन करा आणि नंतरही करा; थोडी घट येणारच, पण वजन वाढून आलं तर विचारा कसं काय वाढलं. आपल्या आधी हळद किंवा धने दळले असतील तर पहिली मूठभर पूड वेगळी काढा. पूड गरम निघते. ती तशीच डब्यात कोंबली तर वाफ धरते आणि गठ्ठे होतात. स्वच्छ चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा.

साठवणीत रंगाचे शत्रू दोन, उजेड आणि हवा. ओट्यावरच्या काचेच्या बरणीत तिखट छान दिसतं आणि तिथेच ते पुसट होत जातं. महिन्याचं तेवढं स्टीलच्या डब्यात, शेगडीपासून लांब. बाकीचं छोट्या हवाबंद डब्यांत गच्च भरून फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधला डबा बाहेर काढल्यावर तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर आतल्या पुडीवर दव धरतं. सासूबाई बरणीत हिंगाचे खडे घालतात. पोरकिडे त्याने दूर राहतात असं त्यांचं म्हणणं, आणि फ्रीज नसताना त्यांचं तिखट टिकलं हे खरं. ओला चमचा कधीच घालू नका, हे तर सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांच्या घरी तरी घातला जातो.

बंद पाकीट घ्यायची वेळ आलीच तर घटकांची ओळ वाचा. नियमानुसार तिखटात दोन टक्क्यांपर्यंत खाद्यतेल चालतं, पण ते कुठलं आणि किती हे लिहावं लागतं. रंग घालायला मात्र परवानगीच नाही. पाकिटातल्या पुडीचीही पेल्यात परीक्षा घ्या, आणि बिलावर जातीचं नाव लिहून मागा. लिहायला जो कांकू करील त्याच्याकडून मीठसुद्धा घेऊ नका. आमच्या त्या दुकानावर अजून तीच पाटी आहे. फक्त शेजारी आणखी एक पिंप आलंय, 'स्पेशल काश्मिरी' म्हणून.