अंथरुणातली आंघोळ: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

सासूबाई पक्षाघातानंतर घरी आल्या तेव्हा त्यांचं वय ७८ आणि वजन ५२ किलो. उजवी बाजू लुळी पडलेली, पाणी पिताना ठसका लागायचा. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ होती: रोज स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, दर दोन तासांनी कूस बदलणे. गोळ्या कशा द्यायच्या ते तिघांनी समजावलं, ही ओळ कुणी वाचूनही दाखवली नाही. पहिल्या महिन्यात त्या एका ओळीवर आमचे चाळीस हजारांच्या वर गेले. त्यातले नऊ हजार निव्वळ अज्ञानापोटी. आणि एवढं करून दुसऱ्या आठवड्यात माकडहाडावर लाल चट्टा उठलाच.

सिस्टर की मावशी?

ब्युरोला फोन केला की पहिला प्रश्न हाच येतो. आम्ही घाबरून सिस्टर म्हणालो: बारा तासांचे १,५०० रुपये. दहा दिवसांनी मावशी ठेवली, तिचे ८०० रुपये. म्हणजे दहा दिवसांत सात हजार जास्तीचे गेले, आणि काम तेच. (हे दर पुण्यातले आणि आम्हाला पडलेले. तुमच्या भागात दोन-तीन ठिकाणी विचारून मगच ठरवा.) जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शन किंवा नाकातल्या-लघवीच्या नळीचं काम असेल तर सिस्टर हवी, पण तीही बहुतेकदा तासाभरासाठी बोलावता येते. अंग पुसणं, तोंड धुणं, डायपर, कूस बदलणं ही कामं शिकलेली मावशी उत्तम करते. ती शिकलेली आहे की नाही, हे पहिल्या दिवशी शेजारी उभं राहिलं की कळतं. पुसताना पाणी एकदाही बदललं नाही, तर तिला शिकवावं लागणार असं समजा.

सामानाचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे. दोन प्लास्टिकची घमेली, सहा सुती पंचे आणि एक रबरी शीट मिळून हजाराच्या आसपास. हवा भरणारी गादी, जिला दुकानात एअर बेड म्हणतात, तीन हजार. दर महिन्याला डायपर दिवसाला तीन धरले तर साधारण ३,१५०, हातमोजे ७००, आणि सौम्य लिक्विड साबण, खोबरेल, झिंक ऑक्साइडचं मलम, ब्रश-पेस्ट मिळून ८००. रबरी शीटवर घालायला विकतच्या चादरीपेक्षा जुन्या नऊवारीची दुहेरी घडी बरी. ती मऊ असते, घाम शोषते, आणि दोघांनी टोकं धरली की पेशंटला न घासटता वर सरकवता येतं.

वाया गेलेले उरलेले दोन हजार म्हणजे बाथ वाइप्सची दहा पाकिटं (१,५००) आणि बसायची रबरी रिंग (५००). वाइप्स वाईट नाहीत. रात्री-अपरात्री उपयोगी पडतात, पण रोजच्या अंघोळीला पंचा आणि पाणी पुरतं. रिंगचं पुढे सांगते.

अंग पुसताना

म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ आणि कोरडी असते. त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत साबणाने रोज पुसायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण अंग, आणि रोज फक्त तोंड, हात, काखा, जांघा आणि शी-शूची जागा. हे कळल्यावर मावशीचा तास वाचला आणि सासूबाईंच्या पोटऱ्यांवरची खाजही गेली. पाण्यात जंतुनाशक औषध टाकायची आपल्याकडे हौस असते. ते टाकू नये. धड कातडीला त्याचा उपयोग नसतो, उलट ती कोरडी पडून चिरते.

पाणी कोपराला सुखद गरम लागेल इतकं, साधारण ४० अंशांचं. ते पेशंटच्या हातावर ओतून पाहू नका. लुळ्या बाजूला चटका कळत नाही, आणि बोलता येत नसेल तर तो सांगणार तरी कसा? पंखा बंद, खिडकी बंद, आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा. बाकीचं अंग चादरीखाली राहू द्यावं. हे लाजेसाठी तर आहेच, पण ओल्या अंगाला गारठाही चटकन लागतो.

क्रम स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे. आधी डोळे, साध्या पाण्याने, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या डोळ्याला पंच्याचं दुसरं टोक, नाहीतर एका डोळ्याची घाण दुसऱ्यात जाते. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय. हात मनगटाकडून खांद्याकडे पुसायचा, म्हणजे रक्त हृदयाकडे परतायला मदत होते. पोटऱ्या मात्र चोळायच्या नाहीत. न हललेल्या पायात रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटू शकते. एकच पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी वाटली तर पुसणं थांबवून डॉक्टरांना फोन करावा. पाय पुसून झाले की पाणी बदला. मग कुशीवर वळवून पाठ, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या घमेल्यातल्या ताज्या पाण्याने खालचा भाग. बाईमाणसाला पुढून मागेच पुसावं, कारण उलट पुसलं की शौचाचे जंतू लघवीच्या मार्गात जातात.

वळवताना लुळा हात धरून ओढणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, तो निखळू शकतो. एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे ठेवून लाकडाचा ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकदम वळवायचं. कपडे काढताना आधी चांगला हात मोकळा करायचा, घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा. नेमकं उलट करून आम्ही तीन गाऊन फाडले.

एक जागा सगळेच विसरतात: मिटलेली मूठ. सासूबाईंच्या उजव्या मुठीला आठवड्यात आंबूस वास येऊ लागला. बोटं ओढून उघडायला गेलं की त्या कळवळायच्या. फिजिओथेरपिस्टने युक्ती दाखवली. मनगट आधी आतल्या बाजूला वाकवायचं, म्हणजे बोटं आपोआप सैल पडतात. मग तळवा धुऊन, कोरडा करून मुठीत मऊ फडक्याची गुंडाळी ठेवायची. नखं कापायची, नाहीतर ती तळव्यात रुततात.

तोंडाची निगा

गिळता न येणाऱ्या पेशंटला तोंडातली घाण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. नाकात नळी असली तरी तोंड धुवावंच लागतं. उलट जास्तच, कारण चावणं बंद झालं की लाळ कमी होते आणि जिभेवर साका चढतो.

जेवणानंतर लगेच नको, उलटीची भीती असते. पाठीमागून उशांनी बसतं करावं. बसवता येत नसेल तर कुशीवर वळवून गालाखाली पंचा ठेवावा, म्हणजे पाणी घशाकडे न जाता बाहेर येतं. लहान मुलांचा मऊ ब्रश, मटाराएवढी पेस्ट. ब्रश पाण्यात बुडवून झटकून घ्यायचा, कारण ओघळणारं पाणीच ठसक्याला कारण होतं. दात, हिरड्या आणि जीभ झाल्यावर फेस ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. लुळ्या बाजूचा गाल आतून तपासायलाच हवा. आम्हाला तिथे सकाळच्या जेवणातला भात संध्याकाळी सापडला होता. दातांमध्ये बोट कधी घालू नये, पेशंट नकळत चावतो.

दिवसातून दोनदा ब्रश, आणि मधे ओठ कोरडे दिसले की ओलं फडकं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तरच वापरावं. तेही ब्रशनंतर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमुळे त्याचा असर कमी होतो. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे जुन्या वळणाच्या घरांत अजून वापरतात. ते बंद करावेत, आम्लाने दात झिजतात आणि तोंड आणखी सुकतं. कवळी रात्री काढून गार पाण्यात ठेवायची, गरम पाण्याने ती वाकडी होते. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले, आणि पुसल्यावर खाली लाल कातडी निघाली, तर ती बुरशी आहे. तिच्यावर औषध आहे, घासण्याने ती जात नाही.

तो लाल चट्टा

अंग पुसण्याचा खरा फायदा म्हणजे त्यावेळी सगळी कातडी डोळ्यांखालून जाते. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं, कोपर, कानाची पाळी, डोक्याची मागची बाजू: जिथे हाड वर आहे तिथे नजर हवी. तिथे लाली दिसली तर बोटाने तीन सेकंद दाबायचं. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर दाब नुकता सुरू झालाय. पांढरी पडलीच नाही, तर आतल्या कातडीला इजा झाली आहे, बेडसोअरची ही पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे जांभळट झाक, आजूबाजूपेक्षा जास्त ऊब किंवा बोटाला लागणारा टणकपणा पाहावा.

आमच्या मावशीने चट्ट्यावर स्पिरिट चोळलं, वर टाल्कम पावडर लावली. तिला तसंच शिकवलेलं होतं. स्पिरिटने कातडी सुकते, पावडरचे घामात खडे होतात, आणि चोळण्याने आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्या आणखी फाटतात. रबरी रिंगने मधल्या भागावरचा दाब जातो खरा, पण कडेचा दाब वाढून मधला रक्तपुरवठाच तुटतो. औषध एकच: त्या जागेवरचं वजन काढणं. सासूबाईंना आम्ही पाठीवर निजवणंच थांबवलं. पूर्ण कुशीवर नाही, तर पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं, दोन तास डावीकडे, मग थोडा कमी वेळ उजवीकडे. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. जेवणानंतर तासभर सोडला तर डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलायची नाही, नाहीतर माणूस खाली घसरतो आणि कातडी चादरीला धरून राहते. खालचा भाग पंच्याने टिपून कोरडा करून झिंकच्या मलमाचा पातळ थर द्यायचा. पुढच्या वेळी तो खरवडून काढायचा नाही, वरची घाणच फक्त पुसायची.

पाचव्या दिवशी बोट दाबलं तर जागा पांढरी पडली. त्याआधी फोड आला असता किंवा कातडी उघडी पडली असती, तर ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरचे दर खेपेला ५०० रुपये, म्हणजे महिन्याला १५ हजारांपर्यंत, आणि वर सामान वेगळं.

एअर बेड असला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. गादीवर कमीत कमी थर ठेवा, आणि आठवड्यातून एकदा माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात घालून पाहा. वरून हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. वीज जाते तिथे पंप इन्व्हर्टरवर जोडून घ्या.

दुसऱ्या महिन्यात एकूण खर्च २८-२९ हजारांवर आला, त्यातले २४ हजार मावशीचे. रात्रीची मावशी आम्ही ठेवली नाही. डॉक्टरांना विचारून रात्री तीन तासांवर कूस बदलायची ठरली. दहाचा गजर माझा, एकचा नवऱ्याचा, चारचा मुलाचा, आणि सातला पुन्हा माझा.