🌾 *थेट विक्री सल्ला: एक कायमचं गिऱ्हाईक किती रुपयांचं?*



भात झोडून झालं की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये इंद्रायणीचे स्टॉल लागतात. स्टॉलवर किती खर्च करायचा, हे बहुतेक जण त्या दिवशीचा गल्ला बघून ठरवतात. तिथेच हिशोब चुकतो. आज वही घेऊन बसा. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, त्या जागी स्वतःचे घाला.

*१) एका पोत्यामागे खरं काय उरतं?*
१० किलोचं पोतं ७५० रुपयांना विकलं. हे ७५० म्हणजे कमाई नव्हे. तोच तांदूळ व्यापाऱ्याने जागेवर ५२ रुपये किलोने नेलाच असता, म्हणजे ५२० रुपये तसेही मिळणार होते. पिशवी, निवडणं, भरणं, पुण्यापर्यंतचं भाडं मिळून ११० रुपये गेले. ७५० वजा ५२० वजा ११०, राहिले १२०. थेट विक्रीने मिळवून दिले ते एवढेच. एक घर वर्षाला ६ पोती घेत असेल तर वर्षाचे ७२० रुपये.

*२) गिऱ्हाईक किती वर्षं टिकतं?*
अंदाज करू नका, वही बघा. गेल्या वर्षी ज्या ५० घरांनी पुन्हा पुन्हा तांदूळ नेला, त्यातली यंदा किती आली? समजा ३० आली. म्हणजे १०० पैकी ६० टिकतात. मग १०० घरांपैकी दुसऱ्या वर्षी ६० राहतील, तिसऱ्या वर्षी ३६. तीन वर्षांची बेरीज १९६, म्हणजे एका घरामागे साधारण २ वर्षांची खरेदी. ७२० गुणिले १.९६, म्हणजे सुमारे १,४०० रुपये. ही झाली एका कायमच्या गिऱ्हाइकाची किंमत. चौथ्या वर्षापुढचं मी धरलेलं नाही, कारण तोवर भाव, भाडं सगळंच बदलतं.

*३) नवीन गिऱ्हाइकासाठी किती घालवायचे?*
१,४०० आहेत म्हणून १,४०० घालवायचे नाहीत. ते पैसे तीन वर्षांत थोडे थोडे येणार, खर्च मात्र आजच होतो. तिसरा हिस्सा, म्हणजे ४७० रुपयांची मर्यादा धरा. ते ४ पोत्यांत, साधारण ८ महिन्यांत वसूल होतात.

आता स्टॉल तपासू. जागेचं भाडं १,५००, टेम्पो १,२००, दोन माणसांची मजुरी १,०००, आणि पाव किलोच्या ६० नमुना पिशव्यांचा तांदूळ ७८०. एकूण ४,४८०. त्या दिवशी २५ जणांनी पोतं घेतलं. २५ ने भागलं तर माणशी १७९ येतात आणि वाटतं, लई स्वस्तात पडलं! पण २५ पैकी दुसरं पोतं १० जणांनीच मागवलं. कायमचं गिऱ्हाईक ते १० च. ४,४८० भागिले १०, म्हणजे ४४८ रुपये. मर्यादेत आहे, पण काठावर. (बाकी १५ जणांच्या एकेका पोत्याचे १२० रुपये धरले नाहीत, ते अडीअडचणीला राहू द्या.)

याच स्टॉलवर पहिल्या पोत्याला ५० रुपये सूट दिली असती तर १,२५० आणखी गेले असते आणि खर्च ५७३ वर पोहोचला असता. सूट २५ जणांना द्यावी लागते, टिकतात १०. त्यापेक्षा जुन्या गिऱ्हाइकाने शेजारी आणला आणि शेजाऱ्याने *दुसरं* पोतं घेतलं, की जुन्याला २ किलो तांदूळ फुकट द्या. खर्च १०४ रुपये, आणि तोही गिऱ्हाईक टिकल्यावरच.

*४) गिऱ्हाईक तुटतं कुठे?*
दोन ठिकाणी. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. हे सांगितलं नाही तर भाताचा गोळा होतो आणि ताई म्हणतात, "यंदा माल बरोबर नाही." पिशवीत चिठ्ठी टाका: "नवा तांदूळ आहे, पाणी नेहमीपेक्षा कमी घाला." दुसरं पावसाळ्यात. दमट हवेत १० किलो पडून राहिला की सोंडकिडे होतात. जून ते सप्टेंबर ५ किलोची पिशवी द्या. पिशवी-भाड्याचा खर्च थोडा वाढेल, तो पोत्याच्या हिशोबात धरा.

एवढ्याने १०० पैकी ६० ऐवजी ७५ घरं टिकली, तर एका गिऱ्हाइकाची किंमत १,४०० वरून १,६६० च्या आसपास जाते.

⚠️ हा हिशोब घरगुती गिऱ्हाइकाचा आहे. खानावळ, हॉटेलला भाव कमी आणि उधारी जास्त, त्यांची वही वेगळी ठेवा.

📒 *या आठवड्यात एवढंच करा:* वहीत प्रत्येक नावापुढे पहिल्या आणि शेवटच्या पोत्याची तारीख लिहा. आकडा जुळला नाही तर वही घेऊन संकलन केंद्रावर या, बसून काढू.

– आपला कृषी सल्लागार