ई-रिक्षा चढावर का दमते? : वाहन-दुरुस्तीची बदलती कौशल्ये



मे २०१७ मध्ये नागपुरात ओला आणि महिंद्राचा इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रकल्प सुरू झाला. ई-रिक्षा तर आज आपल्या रोजच्या पाहण्यातली. "मुलाला गाड्यांची आवड आहे, पण इंजिनच जाणार म्हणतात, मग त्याने शिकायचं काय?" असं पालक विचारतात. उत्तरासाठी एकच बिघाड नीट पाहू.

बिघाड
ई-रिक्षाचालक सांगतो, "सपाट रस्त्यावर ठीक, उड्डाणपुलावर दम सोडते." अनेक ई-रिक्षांच्या सीटखाली १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. गाडी उभी असताना मीटर प्रत्येकीवर १२.६ दाखवतो. सगळं ठीक वाटतं, आणि इथेच नवशिका फसतो.

आता मीटर चिमट्यांनी जोडायचा, माणसं बसवून गाडी चढावर न्यायची आणि आकडा वाचायचा. समजा, तीन बॅटऱ्यांवर १२ च्या आसपास आणि चौथीवर १०.२ आला. दोषी ती चौथी. जोडणी एकसरी असल्याने तिघींचा करंट तिच्यातूनच जातो, म्हणून एक कमजोर बॅटरी सगळ्यांना अडवते.

पण चारही सारख्या निघाल्या तर? मग सांधे तपासायचे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं त्यालाच जोडलेल्या वायरच्या टोकावर. चालत्या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. तिथे १ व्होल्ट दिसला आणि करंट ५० अँपिअर असेल, तर १ × ५० = ५० वॉट उष्णता त्या सांध्यात तयार होतेय. सैल किंवा गंजलेला नट! साफ करून घट्ट केला की नवी बॅटरी घेण्याचा खर्च वाचतो.

मग शिकायचं काय?
पहिलं, मीटर वापरणं आणि आकड्याचा अर्थ लावणं. ओहमचा नियम इथे पाठांतराचा राहत नाही. दुसरं, सुरक्षितता. कारच्या बॅटरीत ३०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो, त्यामुळे प्रशिक्षण, इन्सुलेटेड हातमोजे आणि पुरवठा तोडण्याची पद्धत माहीत असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. तिसरं, जुनी कामं: ब्रेक, सस्पेन्शन, बेअरिंग इलेक्ट्रिक गाडीतही आहेतच. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. जवळच्या संस्थेत तो आहे का, आणि मुलांना खऱ्या बॅटरीवर हात चालवायला मिळतो का, हे प्रवेशाआधी जाऊन पाहावं.

वर्गातील कृती
घड्याळातून काढलेला एक जुना पेन्सिल सेल आणि तीन नवे सेल एकसरीत जोडा, त्यावर ६ व्होल्टचा टॉर्चचा बल्ब लावा. बल्ब बंद असताना आणि चालू असताना प्रत्येक सेलचा व्होल्टेज मुलांना मोजू द्या. कोणता सेल जास्त घसरतो, हे मुलंच शोधतील.