४.३ खुलासा व विनंती यांचा ई-मेल : क्रियापदाची निवड

मागील घटकात आपण विनंतीपत्राची रचना पाहिली. येथे खामगाव येथील विज्ञान शाखेच्या, तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेतील अध्यापिकेस लिहिलेला एक काल्पनिक ई-मेल अभ्यासावयाचा आहे.

विषय : दूषित संवर्ध, प्रयोग क्र. ६ पुन्हा करण्याबाबत

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार. सोमवारी मी गाजराच्या तुकड्यांपासून कॅलस मिळविण्यासाठी सहा नळ्या लावल्या होत्या. आज चार नळ्यांत माध्यमावर कापसासारखी पांढरी बुरशी आढळली. ती तुकड्यांलगत नसून काचेच्या कडेला आहे. तुकडा न ठेवलेली तुलनेची नळी स्वच्छ आहे. त्यामुळे तुकडे ठेवताना नळी उघडी असता बीजाणू आत शिरले असावेत. दूषित नळ्या न उघडता वेगळ्या ठेवल्या आहेत. कॅलस दिसण्यास तीन-चार आठवडे लागतात आणि प्रात्यक्षिक परीक्षेस पाच आठवडे उरले आहेत. येत्या सोमवारी प्रयोग पुन्हा करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.
आपली विद्यार्थिनी

या पत्राचे बळ क्रियापदांत आहे. 'आढळली' हे डोळ्यांनी पाहिलेले. 'शिरले असावेत' हा तर्क. तुलनेची नळी स्वच्छ राहिली याचा अर्थ माध्यम निर्जंतुक होते, एवढाच. बीजाणू नेमके केव्हा शिरले, हे एक नळी सिद्ध करू शकत नाही. म्हणून येथे 'शिरले' असे ठाम विधान चुकीचे ठरले असते. बुरशीऐवजी तुकड्याभोवतीच दुधाळ, चिकट थर दिसला असता, तर तर्कही बदलला असता : जिवाणू बहुधा तुकड्याबरोबरच आले, म्हणजे तुकड्यांचे निर्जंतुकीकरण अपुरे झाले असावे. मग पुन्हा करताना तीच पायरी सुधारावी लागते. केवळ नळी झटपट बंद करून भागत नाही. अध्यापिकेस या तपशिलाची गरज असते ती यासाठी.

आता कर्त्याकडे वळू. 'संवर्ध दूषित झाला' या अकर्मक रचनेत कर्ता दिसतच नाही. 'मी संवर्ध दूषित केला' म्हटल्यास हेतू असल्याचा भास होतो. मराठीत या दोहोंच्या मध्ये 'माझ्याकडून' ही सोय आहे : कृती माझी, हेतू नाही. तथापि कारण निश्चित नसताना तीही घाईची ठरते. विद्यार्थिनीने 'मी नळ्या लावल्या होत्या' असे आरंभीच सांगून काम कोणाचे होते ते उघड ठेवले. माझ्या मते हे अधिक नेमके आहे. (क्षमायाचनेचा लांबलचक परिच्छेद नाही, हेही बरेच.)

मुदतीचा हिशेब विनंतीच्या लगेच आधी आला आहे. तो नसता तर मॅडमनी पत्र आठवडाभर बाजूला ठेवले असते आणि नवा कॅलस परीक्षेपूर्वी कदाचित मिळाला नसता.

स्वाध्याय : तुलनेच्या नळीतही बुरशी आढळली, असे समजून ई-मेलमधील कारणाचे वाक्य पुन्हा लिहा. क्रियापद का बदलले किंवा का बदलले नाही, ते दोन वाक्यांत सांगा.