रक्तशर्करेचा निर्देशांक आणि शरीरातील मेद

एका वाडग्यात कलिंगडाचा १०० ग्रॅम गर आणि दुसऱ्या वाडग्यात १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे ठेवले आहेत अशी कल्पना करावी. वजन उतरविण्याची इच्छा असलेल्या माणसाने यांपैकी कोणता वाडगा उचलावा? आहारविषयक कोष्टकांत प्रत्येक पदार्थापुढे ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ या नावाचा एक आकडा दिलेला असतो. त्याला मराठीत शर्करा-निर्देशांक म्हणता येईल. कलिंगडापुढे हा आकडा सुमारे ७५ असतो आणि शेंगदाण्यापुढे सुमारे १४. हा आकडा जितका लहान तितका पदार्थ हितकर, असे मानणारा मनुष्य निःशंकपणे शेंगदाणे उचलील. परंतु शेंगदाण्याच्या त्या वाडग्यात सुमारे ५६५ उष्मांक (किलोकॅलरी) असतात, तर कलिंगडाच्या वाडग्यात अवघे ३०. तेवढे उष्मांक कलिंगडातून मिळवावयाचे झाल्यास जवळजवळ १ किलो ९०० ग्रॅम गर खावा लागेल. ही विसंगती कोठून येते हे कळण्यासाठी तो आकडा कसा काढतात ते प्रथम पाहिले पाहिजे.

कॅनडातील टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेंकिन्स व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली. मधुमेही माणसाला कोणता पिष्टमय पदार्थ सोसेल हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. लठ्ठपणाचा विचार त्यात मागाहून आला. आज ही चाचणी पुढीलप्रमाणे केली जाते. साधारणतः दहा निरोगी व्यक्तींना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी तपासावयाचा पदार्थ देतात. तो इतक्या प्रमाणात देतात की त्यातून पचनास उपलब्ध होणारी कर्बोदके बरोबर ५० ग्रॅम भरावीत. खाण्यापूर्वी एकदा आणि नंतर दोन तासांपर्यंत ठरावीक अंतराने बोटातून रक्ताचे थेंब घेऊन त्यातील साखर मोजतात. या आकड्यांचा आलेख काढला म्हणजे प्रथम चढणारी व नंतर उतरणारी एक वक्ररेषा मिळते. उपाशीपोटीच्या पातळीवर या रेषेने व्यापलेले क्षेत्रफळ मोजले जाते. त्याच व्यक्तींना दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम शुद्ध ग्लुकोज देऊन तसेच क्षेत्रफळ काढतात. ग्लुकोजचे क्षेत्रफळ १०० मानले असता पदार्थाचे क्षेत्रफळ जितके भरेल तितका त्याचा निर्देशांक होय.

या रीतीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक म्हणजे पदार्थ किती खाल्ला जातो याचा विचार येथे नाही. ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी कलिंगडाचा सुमारे ६७० ग्रॅम गर खावा लागतो, आणि तितका एका बैठकीस क्वचितच कोणी खात असेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मोजली जाते ती केवळ रक्तातील साखर. पदार्थातील स्निग्धांश रक्तशर्करेच्या आलेखावर स्वतंत्रपणे उमटत नाही. उलट तो जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग मंद करतो आणि आलेख बसका दिसू लागतो.

पहिली उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली ‘ग्लायसेमिक लोड’ म्हणजे शर्करा-भार ही संज्ञा प्रचारात आणली. निर्देशांकाला प्रत्यक्ष खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमनी गुणून १०० ने भागले की भार मिळतो. कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे साडेसात ग्रॅम कर्बोदके असतात. ७५ ला साडेसातने गुणून १०० ने भागले असता भार साडेपाचच्या आसपास येतो, म्हणजे अगदी अल्प. येथे कलिंगडावरील आरोप दूर झाला. पण शेंगदाण्याचे काय? त्यातील पचनीय कर्बोदके १०० ग्रॅमला सुमारे ८ ग्रॅम. त्यामुळे भार जेमतेम १ भरतो. ५६५ उष्मांक असलेला वाडगा या मापाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामाच आहे! दुसरी उणीव भारानेही भरून निघाली नाही. किंबहुना ती अधिक ठळक झाली.

बटाट्याचे उदाहरण याहून बोलके आहे. उकडलेल्या बटाट्याचा निर्देशांक सुमारे ७८ आणि तेलात तळलेल्या वेफरचा सुमारे ५५ नोंदविला गेला आहे. ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील इतका उकडलेला बटाटा घेतल्यास सुमारे २४५ उष्मांक पोटात जातात. तितकीच कर्बोदके वेफरमधून घेतल्यास ५४० च्या घरात. तेलामुळे निर्देशांक उतरला आणि उष्मांक दुपटीहून अधिक झाले. गरम भातावर तुपाची धार धरली असता हेच घडते. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम तुपाने भाताची रक्तशर्करा सावकाश चढते, परंतु ताटात ९० उष्मांकांची भर पडते.

तरीही कमी निर्देशांकाच्या आहाराने मेद उतरावा, या अपेक्षेमागे एक सुसंगत तर्क होता. साखर झपाट्याने चढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन अधिक पाझरते. इन्सुलिन मेदपेशींतून मेद बाहेर पडू देत नाही. पुढे साखर खाली येताच भूक पुन्हा लागते. यातील प्रत्येक दुवा शरीरविज्ञानाला धरून आहे. मात्र इन्सुलिनचा हा अंमल काही तासांपुरता असतो. जेवणानंतर साठलेला मेद दोन जेवणांच्या मध्ये आणि रात्री पुन्हा खर्ची पडतो. दिवसाअखेर, आठवड्याअखेर शिल्लक किती उरली हे मिळालेल्या व खर्च झालेल्या एकूण उष्मांकांवर ठरते. म्हणून तर्काची परीक्षा प्रयोगानेच व्हावयास हवी होती, आणि ती झाली.

भातखाऊ वाचकास विशेष जवळचा वाटेल असा प्रयोग ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे झाला. त्याचा वृत्तांत २००७ साली प्रसिद्ध झाला. भात आणि घेवड्याच्या वर्गातील कडधान्य हे तेथील रोजचे जेवण. २५ ते ४५ वर्षे वयाच्या २०३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. दोन्ही गटांना उष्मांक थोडे कमी केलेला आहार सांगितला. फरक ठेवला तो निर्देशांकाचा. पहिल्या दोन महिन्यांत कमी निर्देशांकाच्या गटाचे वजन किंचित अधिक उतरले. परंतु प्रयोग तेथे न थांबवता १८ महिने चालविला होता. अखेरीस दोन्ही गटांतील सरासरी घट अर्ध्या किलोहूनही कमी भरली आणि दोहोंत दखल घेण्याजोगा भेद उरला नाही. दोन महिन्यांचाच वृत्तांत छापला गेला असता तर निष्कर्ष निराळा वाटला असता. अल्प मुदतीचे प्रयोग वाचताना हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेत मिनेसोटा येथे २९ लठ्ठ व्यक्तींना संशोधकांनीच १२ आठवडे तयार अन्न पुरविले व उष्मांक सर्वांचे सारखेच घटविले. निर्देशांक कमी असो वा अधिक, वजनातील घट जवळजवळ सारखीच झाली.

विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. युरोपातील आठ देशांत झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात आधी वजन उतरविलेल्या माणसांना हवे तितके खाण्याची मुभा होती. सहा महिन्यांत कमी निर्देशांकाच्या गटांत वजन सुमारे एक किलोने कमी परतले. मात्र बारा महिन्यांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांच्यात निर्देशांकाचा सुसंगत परिणाम आढळला नाही, प्रथिनांचा आढळला. येथे उष्मांक ठरवून दिलेले नव्हते. तेव्हा लाभ झाला असेल तर तो माणसे आपण होऊन थोडे कमी जेवल्यामुळे, असेच समजणे सयुक्तिक होय.

आपण होऊन कमी खाल्ले जावे, हे काम अन्नातील चोथा अधिक भरवशाने करतो. चोथा म्हणजे वनस्पतिजन्य अन्नातील तंतुमय भाग. आपल्या पाचकरसांनी तो विघटित होत नाही. चोथ्याचे अन्न चावण्यास वेळ लागतो, ते पाणी धरून ठेवते, जठरात जागा व्यापते, आणि त्याच्या वजनाच्या मानाने उष्मांक थोडे देते. २००१ सालच्या एका समीक्षेत असे दिसून आले की, रोजचा चोथा १४ ग्रॅमने वाढला असता उष्मांकांचे सेवन सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि चारएक महिन्यांत सरासरी दोन किलोच्या आसपास वजन उतरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४० व्यक्तींपैकी एका गटाला ‘रोज ३० ग्रॅम चोथा खा’ एवढीच सूचना होती. वर्षभरात त्यांचे वजन सरासरी २.१ किलो घटले. अनेक नियमांचा आहार पाळणाऱ्या दुसऱ्या गटाचे २.७ किलो घटले. ही घट माफकच आहे, पण एकच सूचना पाळून ती साधली.

निर्देशांकाला मिळणारे श्रेय पुष्कळदा या चोथ्याचे असते, कारण कडधान्ये, पालेभाज्या व अख्खी धान्ये यांत दोन्ही गुण एकत्र असतात. मात्र ते नेहमी एकत्र नसतात. मैद्याचा पाव आणि गव्हाच्या संपूर्ण पिठाचा पाव यांचे निर्देशांक कोष्टकात जवळजवळ एकच, ७५ व ७४, आहेत. चोथा मात्र दुसऱ्यात दुपटीहून अधिक असतो, आणि निर्देशांकावरून त्याचा पत्ताही लागत नाही.

आता एका ताटाचा हिशेब करून पाहू. कोणी रोज दुपारी १२० ग्रॅम तांदळाचा भात खातो. त्यातील ४० ग्रॅम तांदूळ काढून त्याऐवजी ४० ग्रॅम हरभऱ्याची उसळ त्याने घेतली. काढलेल्या तांदळात सुमारे १४० उष्मांक व ३१ ग्रॅम कर्बोदके होती. त्याचा निर्देशांक ७० धरल्यास भार २२ होतो. हरभऱ्यात उष्मांक जवळपास तितकेच, पचनीय कर्बोदके सुमारे १७ ग्रॅम आणि निर्देशांक २८. म्हणून भार ५ च्या आत. शर्करा-भार १७ ने उतरला, उष्मांक मात्र जेथल्या तेथे राहिले. एवढ्यावरून मेद उतरणार नाही. परंतु या उसळीने ताटात सहा ते दहा ग्रॅम चोथा आणि काही प्रथिने आली. पोट लवकर भरल्यामुळे त्याने पुढची अर्धी पोळी नाकारली तर ६० उष्मांक वाचले. मेद उतरेल तो या नाकारलेल्या अर्ध्या पोळीमुळे. आणि उसळ रुचकर व्हावी म्हणून फोडणीत दीड चमचा तेल वाढविले, तर ते ६० उष्मांक परत आले. भाराच्या आकड्यात त्याची नोंदही होणार नाही.

हे आकडे सर्वांना सारखे लागू पडतात असेही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६३ व्यक्तींना एकच पांढरा पाव पुनःपुन्हा देऊन तपासले, तेव्हा एकाच माणसाच्या आकड्यांत सुमारे २० टक्के आणि माणसामाणसांत सुमारे २५ टक्के तफावत आढळली. तांदळाची जात, भात किती शिजला, तो गरम की निवलेला, यांनीही आकडा हलतो. त्यामुळे ५५ चा पदार्थ ६२ च्या पदार्थाहून सरस ठरविण्यात फारसा अर्थ नसतो.

आपला आहार काम करतो की नाही, हे ओळखण्याचे साधन वजनकाटा आणि कमरेला लावावयाची मोजपट्टी हेच होय. रोजचे चढउतार पाण्याचे व मिठाचे असतात; म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या वजनांची आठवड्याची सरासरी काढावी आणि अशा तीन-चार सरासऱ्या ताडून पाहाव्यात. कोष्टकातील कमी निर्देशांकाचेच पदार्थ खाऊनही सरासरी हलत नसेल, तर तेल, तूप, शेंगदाणे, खोबरे यांचे एका आठवड्याचे माप घरच्या तराजूवर तोलून पाहावे. मधुमेहींच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. जेवणानंतरची रक्तशर्करा हाच त्यांचा प्रश्न असल्याने निर्देशांक व भार त्यांना खरोखर उपयोगी पडतात. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी औषधे चालू असताना भाताचे प्रमाण एकदम कमी केल्यास साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, म्हणून असा बदल वैद्यांना विचारून व औषधाची मात्रा जुळवून घेऊनच करावा लागतो.